लॅपटॉपवर वाजते, मग गाडीत NO DISC का?

मागच्या महिन्यात मामाने स्वतः राइट केलेली भजनांची सीडी माझ्याकडे आणून दिली, १४ ट्रॅक, लॅपटॉपवर मस्त वाजते पण गाडीच्या जुन्या प्लेयरमध्ये टाकली की दहा-पंधरा सेकंद घरघर आणि मग स्क्रीनवर NO DISC. त्याने ती कापडाने पुसून पाहिली होती, कोणीतरी सांगितलं म्हणून रात्रभर फ्रीजमध्येसुद्धा ठेवली होती. असं कृपया कोणी करू नका, सीडी गार केल्याने आतला डेटा काही बदलत नाही, उलट बाहेर काढल्यावर तिच्यावर पाणी धरतं.

मी सीडी खिडकीत तिरकी धरली आणि कारण जवळपास डोळ्यांनाच दिसलं. राइट झालेला भाग कोऱ्या भागापेक्षा थोडा गडद दिसतो हे तुम्ही पाहिलं असेल, तर या सीडीवर गडद भाग सुरू होण्याआधी आतल्या बाजूला साधारण दोन मिलिमीटरचा एक फिकट पट्टा तसाच राहिला होता. पूर्ण झालेल्या सीडीवर तो पट्टासुद्धा गडद असतो. सगळी गोष्ट त्या पट्ट्याची आहे.

सीडी आतून बाहेर वाचली जाते. मध्यापासून साधारण २३ मिलिमीटरवर लीड-इन सुरू होतो आणि २५ मिलिमीटरवर गाणी. लीड-इनमध्ये अनुक्रमणिका असते, तिला टीओसी म्हणतात: एकूण ट्रॅक किती, कुठला ट्रॅक कुठल्या मिनिटाला, सेकंदाला आणि फ्रेमला (एका सेकंदात ७५ फ्रेम) सुरू होतो, आणि शेवट कुठे. पहिला ट्रॅक 00:02:00 ला, दुसरा समजा 06:41:30 ला, अशा नोंदी, आणि त्यातली प्रत्येक नोंद पुन्हा पुन्हा लिहिलेली, म्हणजे एखादा ओरखडा आला तरी चालावं. आता गंमत बघा, तुम्ही एकेक गाणं राइट करत असता तेव्हा शेवटी किती गाणी होणार हे रायटरला माहीतच नसतं, मग अनुक्रमणिका आधी कशी लिहिणार? म्हणून तो लीड-इनची जागा कोरी सोडतो, गाणी लिहित जातो, आणि तात्पुरती नोंद लीड-इनच्याही आत असलेल्या पीएमए नावाच्या एका छोट्या पट्टीत ठेवतो, एखाद्या दुकानदाराने पक्क्या वहीआधी चिठ्ठीवर लिहून ठेवावं तसं. सेशन, म्हणजे एका वेळचं राइटिंग, बंद केलं की त्या चिठ्ठीवरून पक्की अनुक्रमणिका लीड-इनमध्ये उतरते आणि गाण्यांच्या पुढे लीड-आउट लिहिला जातो.

लॅपटॉपच्या ड्राइव्हला ही चिठ्ठी वाचता येते कारण तो स्वतः रायटर आहे. कोऱ्या सीडीवरसुद्धा आधीपासून एक बारीक नागमोडी खाच कोरलेली असते, आपण सीडीवर नेमके कुठे आहोत ते रायटरला त्या नागमोडीवरून कळतं. साध्या प्लेयरला नागमोडी वाचायची सोयच नाही, त्याला लिहिलेला सिग्नलच लागतो. तो लीड-इनवर जातो, तिथे काहीच सापडत नाही, दोन-चार वेळा शोधतो आणि NO DISC म्हणून मोकळा होतो. पुढे १४ भजनं आहेत हे त्याला कळायला मार्गच नाही.

मामाने राइट करताना "नंतर अजून गाणी टाकता येतील" असा पर्याय निवडला होता, म्हणजे सेशन उघडंच. मी माझ्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर एवढंच केलं:

```
wodim -v dev=/dev/sr0 -fix
```

थोड्या वेळाने सीडी बाहेर आली, फिकट पट्टा गडद झाला होता आणि गाडीच्या स्क्रीनवर 14 आलं. एक लक्षात ठेवा, साधा ऑडिओ प्लेयर फक्त पहिलं सेशन बघतो, त्यामुळे सेशन बंद करून नंतर दुसऱ्या सेशनमध्ये गाणी टाकली तर ती त्याला दिसणारच नाहीत.

ट्रॅकचा आकडा स्क्रीनवर येणं ही चांगली खूण आहे. आकडा आला म्हणजे अनुक्रमणिका वाचली गेली, सेशन बंद होऊन सीडी फायनलाइज झालीय, आणि तरीही गाणी अडखळत असतील, विशेषतः शेवटची म्हणजे कडेजवळची, तर मग सीडीच्या दर्जावर किंवा प्लेयरच्या लेन्सवर संशय घ्या, आणि पुढची सीडी कमी स्पीडने राइट करून बघा. आकडा येतो पण आवाजच नाही असं असेल तर बहुतेक एमपीथ्रीच्या फाइल डेटा सीडी म्हणून टाकल्यात आणि प्लेयर फक्त ऑडिओ सीडी ओळखणारा आहे.

मामाची दुसरी सीडी मात्र फायनलाइज केलेली असूनही NO DISC. ती निघाली सीडी-आरडब्ल्यू. कारखान्यात छापलेली सीडी लेसरचा निदान ७० टक्के प्रकाश परत पाठवते, सीडी-आर साधारण त्याच्या जवळपास, पण पुन्हा पुन्हा राइट करता येणारी आरडब्ल्यू फक्त १५ ते २५ टक्के, आणि जुन्या प्लेयरचा सेन्सर इतका मंद प्रकाश ओळखण्यासाठी बनवलेलाच नसतो. म्हणून तीच गाणी ५२ एक्सच्या साध्या सीडी-आरवर १६ एक्सने उतरवून दिली, सेशन बंद करून.