साखळ्या घट्ट असल्या तरी रो-रो जहाज का उलटतं?

‘ट्रक साखळ्यांनी पक्के बांधलेत, मग डेकवर थोडं पाणी आलं तर एवढं मोठं जहाज कसं उलटेल?’

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडी नेणाऱ्या वाशी-नेरुळच्या लोकांकडून हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. साखळ्या हव्यातच, कारण जहाज डोलताना ट्रक घसरू नयेत. पण त्या पाण्याला अडवत नाहीत.

हिशेब करून पाहा. बंदिस्त वाहन डेक १०० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि त्यावर पाणी फक्त १० सेंटीमीटर. वजन झालं सुमारे २०० टन. जहाज जरा कललं की हे सगळं पाणी खालच्या कडेला धावतं, म्हणजे मध्यरेषेपासून साधारण ८ मीटर. त्याचा कलवणारा जोर ४० टनांचे वीस ट्रक एकदम दोन-दोन मीटर सरकल्याइतका होतो. कल वाढतो, तसं आणखी पाणी आत येतं. डेकवर पाण्याला आडवं येणारं सहसा काहीच नसतं, कारण गाड्या सरळ आत-बाहेर जाव्यात म्हणून तो मोकळाच ठेवतात. माझ्या मते खरा धोका या मोकळेपणात आहे. डेकच्या मधोमध लांबीच्या दिशेने एक भिंत घातली, तरी सुरुवातीच्या लहान कलाला हा परिणाम चौथाईवर येतो.

६ मार्च १९८७ ला बेल्जियमच्या झीब्रुगहून निघालेल्या ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’चे पुढचे दरवाजे उघडेच राहिले होते. वेग वाढताच पाणी वाहन डेकवर शिरलं आणि जहाज काही मिनिटांतच आडवं झालं. १९३ माणसं गेली.

जहाज कलल्यावर सरळ व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेऊ लागलं, तर ते स्थैर्य कमी झाल्याचं लक्षण असतं.