लाखाचा रिपोर्ट आणि हजारांचा रिपोर्ट

लघवीच्या कल्चरचे दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवू. पहिला शाहूपुरीतल्या पंचविशीच्या मुलीचा. त्यात ई. कोलाय हा एकच जंतू आहे आणि आकडा आहे १०,००० प्रति मिलि. दुसरा गारगोटीच्या साठीतल्या मावशींचा. त्यात तीन प्रकारचे जंतू आहेत आणि आकडा १ लाखाच्या वर. घरची माणसं आकडे बघतात, मावशींच्या काळजीला लागतात आणि पोरीला म्हणतात, "तुझं किरकोळ हाय, पाणी पी भरपूर." लॅबमध्ये बसणाऱ्याला मात्र चित्र नेमकं उलटं दिसतं. संसर्ग मुलीला आहे. मावशींच्या डबीत बाहेरचे जंतू पडले आणि तिथंच वाढले.

असं का, हे कळायला तो आकडा तयार कसा होतो ते बघावं लागतं. लघवीत जंतू कुणी मोजत बसत नाही. तारेच्या टोकाला बारीक कडी असते, तिला लूप म्हणतात. त्या कडीत १ मायक्रोलिटर, म्हणजे १ मिलिचा हजारावा भाग एवढीच लघवी मावते. ती कल्चर प्लेटवर पसरायची, प्लेट ३७ अंशांना रात्रभर ठेवायची आणि सकाळी उगवलेले ठिपके मोजायचे. एक ठिपका म्हणजे एक कॉलनी. हजारावा भाग घेतला होता म्हणून ठिपक्यांना हजाराने गुणायचं. दहा ठिपके म्हणजे १०,०००, शंभर म्हणजे १ लाख. रिपोर्टवर 10^5 छापलेलं असतं ते हेच लाख. बरेच जण ते 'एकशे पाच' असं वाचतात, त्यात त्यांचा दोष नाही.

म्हणजे हा आकडा प्लेटवर लघवी पसरली त्या क्षणाचा आहे. ती मूत्राशयात असताना काय होतं ते त्यावरून ताडायचं असतं, आणि मधल्या प्रवासात दोन गोष्टी बिघडू शकतात. लघवी बाहेर पडताना त्वचेवरचे आणि योनीमार्गाजवळचे जंतू तिच्यात मिसळतात. मग डबी जितका वेळ उबेत राहील तितके ते वाढत जातात.

१ लाखाची रेघ एडवर्ड कॅस या अमेरिकन डॉक्टरांनी १९५६ च्या सुमारास आखली. मूत्रपिंडाला संसर्ग झालेल्या बायका आणि कसलाच त्रास नसलेल्या बायका यांच्या लघवीची त्यांनी तुलना केली. एका गटात लाखाच्या वरचे आकडे येत होते, दुसऱ्यात बहुधा त्याच्या बरेच खाली. रेघ त्या कामापुरती चांगली होती. पुढं ती सगळ्यांना सरसकट लावली गेली आणि घोळ तिथून सुरू झाला. १९८२ साली वॉल्टर स्टॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लघवीला जळजळ होणाऱ्या तरुण बायका तपासल्या. ई. कोलायसारखे जंतू १०० प्रति मिलि इतके कमी असले तरी अशा बाईला मूत्राशयाचा खरा संसर्ग असू शकतो, हे त्यातून दिसलं.

आता मुलीची प्लेट बघा. तिच्यावर दहाच ठिपके आहेत, पण दहाही सारखे: मोठे, पिवळे, गुळगुळीत. लघवीसाठी वापरतात त्या क्लेड प्लेटवर ई. कोलाय असाच दिसतो. जंतू एकच, तोही मूत्रमार्गाच्या संसर्गात नेहमी सापडणारा. साध्या तपासणीत पस सेल्स, म्हणजे जंतूंशी लढायला आलेल्या पेशी, २० ते २५ आहेत आणि एपिथेलियल सेल्स १-२. मुलीला दोन दिवस जळजळ आहे आणि दर अर्ध्या तासाला जावं लागतंय. आकडा कमी येण्याचं कारण यातच सापडतं. भरपूर पाणी प्यायल्यानं लघवी पातळ झाली, आणि सारखं जाऊन आल्यानं जंतूंना आत साठायला वेळच मिळाला नाही. कुणी घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी आधीच घेतली असेल तर आकडा आणखी खाली जातो. एक अडचण लॅबचीही आहे. १ मायक्रोलिटरच्या लूपला हजाराच्या खालचं नीट दिसतच नाही, १०० प्रति मिलि असतील तर प्लेट कोरी येऊ शकते. चिठ्ठीवर त्रास लिहिलेला असेल तर १० मायक्रोलिटरचा लूप वापरता येतो. पण चिठ्ठीवर बहुतेक वेळा नुसतं 'युरिन कल्चर' एवढंच असतं.

मावशींची प्लेट गच्च भरलीय. काही ठिपके मोठे पिवळे, काही बारके पांढुरके, काही टाचणीच्या टोकाएवढे. तीन किंवा जास्त प्रकार आणि त्यात कुणाचाच वरचष्मा नाही, असं दिसलं की पहिला संशय नमुन्यावर घ्यायचा. साध्या तपासणीत एपिथेलियल सेल्स १५ ते २० आणि पस सेल्स २-३. या चपट्या पेशी त्वचेच्या आणि योनीमार्गाच्या असतात. त्या इतक्या आल्या म्हणजे लघवी बाहेरच्या भागावरून वाहत डबीत आली. मावशींना त्रास काहीच नाही, गुडघा बदलायच्या आधीच्या तपासण्यांत हे कल्चर लिहिलं होतं.

मग आकडा लाखावर कसा गेला? डबी सकाळी गारगोटीत भरली, बाकीच्या नमुन्यांची वाट बघत टेबलावर राहिली आणि दुपारी कोल्हापूरला आली. डबी भरताना बाहेरून आलेले जंतू हजार प्रति मिलि होते असं धरू. एप्रिलच्या उकाड्यात ते अर्ध्या तासाला दुप्पट होतात असंही धरू. साडेतीन तासांत सात वेळा दुप्पट झाले की हजाराचे १ लाख २८ हजार होतात. म्हणून लघवी दोन तासांच्या आत प्लेटवर पडली पाहिजे. नाहीतर लगेच फ्रिजमध्ये साधारण ४ अंशांना ठेवायची, तिथं ती २४ तासांपर्यंत चालते. लांबून नमुना आणायचा तर बर्फाचा डबा हवा.

असला मिक्स रिपोर्ट आला की औषध सुरू करायचं नाही, नमुना पुन्हा घ्यायचा. मावशींना लॅबमध्येच बोलावलं. साध्या पाण्यानं धुवायचं, डेटॉलबिटॉल नाही, कारण ते डबीत उतरलं तर खरे जंतूही मरतात. योनीचे ओठ बाजूला धरून पहिली धार सोडून द्यायची आणि न थांबता मधली धार डबीत घ्यायची. झाकणाच्या आत बोट लावायचं नाही. मधली धार म्हणजे काय, हे आपल्याकडं बायकांना कुणी नीट सांगत नाही. डबी हातात द्यायची आणि 'भरून आणा' म्हणायचं, एवढंच चालतं. दुसरी लघवी अर्ध्या तासात प्लेटवर गेली. सकाळी दोनच बारके पांढुरके ठिपके होते, एपिथेलियल सेल्स २-३. म्हणजे पहिल्या लाखातलं मूत्राशयातलं जवळजवळ काहीच नव्हतं.

या दुसऱ्या नमुन्यात, आणि नंतर घेतलेल्या तिसऱ्यातही, एकटा ई. कोलाय लाखाच्या वर आला असता तर? तर ती भेसळ नसती, जंतू खरोखर मूत्राशयात असते. तरीही मावशींना औषध लागलं नसतं. वयस्क बायकांत त्रास न देता जंतू राहणं सर्रास दिसतं आणि गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी त्यावर उपचार करू नयेत अशीच आजची शिफारस आहे. त्रास नसतानाही उपचार करतात ते मुख्यतः गरोदर बाईला, आणि मूत्रमार्गाचं, आतून रक्त येईल असं ऑपरेशन ठरलं असेल तेव्हा.