वर्गातल्या पडद्यावर चित्र धूसर का दिसते? स्लाइड बनवताना काय पाहावे

प्रोजेक्टर वापरणाऱ्या शिक्षकांकडून आमच्याकडे एक तक्रार वारंवार येते: "लॅपटॉपवर चित्र छान दिसतं, पडद्यावर मात्र धूसर. प्रोजेक्टर बघून द्या." आम्ही जरूर बघू, पण त्याआधी एक तपासणी तुम्ही स्वतःच करू शकता. ज्या स्लाइडवरचे चित्र धूसर आहे, त्याच स्लाइडवर टाइप केलेल्या अक्षरांच्या कडा नीट पाहा. अक्षरे रेखीव असतील आणि फक्त चित्र धूसर असेल, तर दोष चित्रात आहे. दोन्ही धूसर असतील, तर दोष प्रोजेक्टरकडे किंवा जोडणीत शोधायचा.

याचे कारण असे की टाइप केलेले अक्षर दरवेळी समोरच्या पडद्याच्या पिक्सेलनुसार नव्याने आखले जाते. फोटोचे किंवा स्कॅनचे तसे नसते. त्यात जेवढे पिक्सेल आहेत तेवढेच. चित्र ताणले की तेच पिक्सेल पसरतात. लॅपटॉपवर हे लक्षात येत नाही, कारण स्लाइड बनवताना ती स्क्रीनच्या एका भागातच मावलेली असते आणि चित्र लहान दिसते. म्हणून स्लाइड तयार झाली की F5 दाबून पूर्ण स्क्रीनवर पाहायची सवय ठेवा.

चित्र किती पिक्सेलचे हवे

आधी तुमच्या प्रोजेक्टरचे मूळ रिझोल्यूशन माहीत हवे. वर्गांमध्ये सहसा 1024×768, 1280×800 किंवा 1920×1080 असे प्रोजेक्टर असतात. खोक्यावर "1080p सपोर्ट" लिहिले आहे म्हणून फसू नका. त्याचा अर्थ प्रोजेक्टर तसा सिग्नल स्वीकारतो एवढाच; दाखवताना तो आपल्या मूळ पिक्सेलमध्येच बसवतो. माहितीपुस्तिकेत 'Native Resolution' या नावापुढे जो आकडा असतो, तोच खरा.

समजा प्रोजेक्टर 1280×800 चा आहे आणि स्लाइड 16:9 आकाराची. मग स्लाइड पडद्यावर 1280×720 पिक्सेलमध्ये बसते आणि वर-खाली काळ्या पट्ट्या राहतात. आता हिशोब सोपा आहे. चित्राने स्लाइडची अर्धी रुंदी व्यापली असेल, तर त्याला 640 पिक्सेल रुंदी हवी. पूर्ण रुंदी व्यापली असेल तर 1280. प्रोजेक्टर 1920×1080 चा असेल, तर हेच आकडे 960 आणि 1920 होतात. पुढेमागे कोणत्याही वर्गात चालावे असे वाटत असेल, तर पूर्ण स्लाइडच्या चित्रासाठी 1920 पिक्सेल धरून चाला. त्याहून मोठा फोटो घेतल्याने पडद्यावर फरक पडत नाही, फाइल तेवढी जड होते. चित्राच्या माहितीत "300 डीपीआय" दिसले तरी त्याने पडद्यावर काहीच ठरत नाही. फक्त पिक्सेलची रुंदी आणि उंची पाहा.

इंटरनेटवरच्या शोधनिकालातले छोटे चित्र तसेच कॉपी करणे ही सर्वात नेहमीची चूक. ते 400×300 चे असले आणि अर्ध्या स्लाइडवर बसवले, तर 400 पिक्सेलना 640 ची जागा भरावी लागते. चित्र धूसर होणारच. प्रोजेक्टर बदलून 1920×1080 चा आणला तरी चित्रातला तपशील 400 पिक्सेलचाच राहतो. उलट शेजारचा मजकूर अधिक रेखीव झाल्याने चित्र जास्तच खटकते. त्या चित्रावर क्लिक करून मूळ पान उघडा आणि तिथली पूर्ण आकाराची फाइल उतरवून घ्या.

चित्र स्पष्ट आहे, पण नावे वाचता येत नाहीत

इथे मांडणीचा प्रश्न येतो, आणि आमच्या मते तो रिझोल्यूशनपेक्षा जास्त वेळा आडवा येतो. एक उदाहरण पाहू. पानाच्या आडव्या छेदाची आकृती आहे, 1200×900 पिक्सेलची. तिच्यात पर्णरंध्र, हरितलवक अशी नावे छापलेली आहेत आणि त्या अक्षरांचा आकार साधारण 22 पिक्सेल आहे. शिक्षकांनी डावीकडे मुद्दे लिहिले आणि आकृती उजव्या अर्ध्या भागात ठेवली. तिथे 640 पिक्सेल पुरतात, आकृतीत 1200 आहेत, म्हणजे चित्र अगदी स्पष्ट. पण 1200 चे 640 झाले की 22 पिक्सेलची अक्षरे 12 पिक्सेलवर येतात. जोडाक्षरे आणि मात्रा त्यात मिसळून जातात आणि मागच्या बाकावरून काहीच वाचता येत नाही.

तीच आकृती स्लाइडच्या पूर्ण उंचीवर नेली, तर अक्षरे साधारण 18 पिक्सेलची होतात. सुधारणा झाली, पण पुरेशी नाही. आमचा सल्ला असा: आकृतीला पूर्ण स्लाइड द्या, मुद्दे पुढच्या स्लाइडवर न्या, आणि छापील नावे पांढऱ्या चौकटींनी झाकून तीच नावे 24 पॉइंटमध्ये नव्याने टाइप करा. या स्लाइडवर 24 पॉइंट म्हणजे 32 पिक्सेल. शिवाय टाइप केलेली नावे कोणत्याही प्रोजेक्टरवर रेखीवच दिसतात.

पाठ्यपुस्तकाचे अख्खे पान स्कॅन करून लावणाऱ्यांची अडचण हीच असते. A4 पान 300 डीपीआयवर स्कॅन केले की त्याची उंची 3500 पिक्सेलच्या आसपास येते. ती 720 मध्ये दाबली की बारीक रेषा एका पिक्सेलहूनही पातळ होऊन फिक्या पडतात आणि 10 पॉइंटचा मजकूर जेमतेम साडेआठ पिक्सेलचा उरतो. पिक्सेल भरपूर होते, पण जागेअभावी वाया गेले. पानातली हवी ती एकच आकृती क्रॉप करा आणि तीच स्लाइडभर मोठी करा.

सेव्ह करताना जाणारे पिक्सेल

पॉवरपॉइंट फाइल लहान ठेवण्यासाठी सेव्ह करताना चित्रांतले "जादा" पिक्सेल कमी करू शकतो. किती ठेवायचे हे तो चित्राच्या त्या वेळच्या आकारावरून ठरवतो. 2000 पिक्सेलचे चित्र तात्पुरते 3 इंच रुंद करून ठेवले आणि 220 पीपीआयच्या सेटिंगवर फाइल सेव्ह केली, तर 660 पिक्सेल उरतात. फाइल पुन्हा उघडून ते ताणले की धूसर दिसते आणि कारण कळत नाही. `File > Options > Advanced` मध्ये `Image Size and Quality` खाली `Do not compress images in file` वर टिक करा. हे सेटिंग त्या फाइलपुरते असते, म्हणून काम सुरू करतानाच करा.

रेषांच्या आकृत्या आणि स्क्रीनशॉट पीएनजीमध्ये ठेवा. जेपीईजीमध्ये काळ्या रेषांभोवती करडे डाग येतात. फोटोंना मात्र जेपीईजीच बरा.

अक्षरेही धूसर असतील तर

लेन्सचा फोकस आधी पाहा. मग विंडोज की आणि P एकत्र दाबा. `Duplicate` निवडलेले असेल तर दोन्ही स्क्रीनना जमेल असे रिझोल्यूशन निवडले जाते, आणि ते प्रोजेक्टरच्या मूळ रिझोल्यूशनशी जुळेलच असे नाही. `Extend` निवडा आणि डिस्प्ले सेटिंगमध्ये प्रोजेक्टरसाठी त्याचे मूळ रिझोल्यूशन लावा.

शेवटी कीस्टोन. तिरक्या बसवलेल्या प्रोजेक्टरचे चित्र चौकोनी करण्यासाठी डिजिटल कीस्टोन संपूर्ण चित्र नव्या जागी बसवतो. त्यात पिक्सेल वाया जातात आणि बारीक रेषा कुठे जाड, कुठे पुसट दिसतात. कीस्टोन शून्यावर आणून पाहा. अक्षरे लगेच उठून दिसली, तर प्रोजेक्टर पडद्यासमोर सरळ बसवून घेणे हाच उपाय; ते काम आम्हाला सांगा.