वाळू भार सोडते तेव्हा

16 जून 1964 रोजी जपानमधल्या निइगाता शहरात 7.5 मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. कावागिशी-चो वसाहतीतल्या चार मजली इमारती तेव्हा कलल्या आणि त्यातली एक तर जवळजवळ आडवी झाली. भिंती मात्र फारशा तडकल्या नव्हत्या. इमारती मजबूतच होत्या, दगा दिला तो खालच्या वाळूने.

सैल वाळूत वरचा भार एका कणाकडून दुसऱ्या कणाकडे जातो आणि कणांमधल्या पोकळ्यांत पाणी भरलेलं असतं. हादरे बसले की कण घट्ट बसू पाहतात, पण तेवढ्या सेकंदांत पाण्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही. त्याचा दाब चढत जातो, कण एकमेकांवरची पकड सोडतात आणि भार पाण्यावर येतो. मग वाळू दाट द्रवासारखी वागते. जमिनीच्या भेगांतून वाळूमिश्रित पाण्याचे फवारे उडतात ते याच दाबामुळे.

जागा तपासताना बोअर घेऊन एसपीटी करतात, म्हणजे ठोके मोजून थर किती घट्ट आहे ते पाहतात. 63.5 किलोचा हातोडा साधारण 76 सेंटिमीटरवरून सोडत नळी जमिनीत ठोकतात. पहिले 15 सेंटिमीटर सोडून पुढच्या 30 सेंटिमीटरला लागलेले ठोके म्हणजे एन. हातोड्याची ऊर्जा आणि त्या खोलीवरचा भार यांनुसार तो आकडा दुरुस्त करून घ्यावा लागतो.

समजा, पाणी एक मीटरवर आहे आणि पाच मीटरवर स्वच्छ वाळू आहे. तिथे मातीचा एकूण भार चौरस मीटरला सुमारे 10 टन. त्यातले 4 टन पाण्याचा दाब पेलतो, कणांवर उरतात 6. जमिनीचं त्वरण गुरुत्वाच्या 0.2 पट धरलं, तर सीड आणि इद्रिस या अभियंत्यांनी 1971 मध्ये मांडलेल्या सोप्या पद्धतीने हादऱ्यांची मागणी, म्हणजे हादऱ्यांनी वाळूवर येणारा ताण कणांवरच्या भाराच्या किती पट, ती अशी निघते:

0.65 × 0.2 × (10/6) × 0.96 ≈ 0.21

यातला 0.96 हा खोलीनुसार हादरा थोडा कमी होतो त्याचा गुणक. दुरुस्त एन 10 असेल तर 7.5 मॅग्निट्यूडसाठी वाळूची ताकद साधारण 0.11 येते, म्हणजे मागणीच्या निम्मीच. ही वाळू द्रवणार असंच धरायचं. एन 20 असता तर ताकद 0.21 च्या आसपास आली असती, अगदी काठावर. एन 30 च्या वर गेला की स्वच्छ वाळूची काळजी सहसा करत नाहीत.

आकडेमोडीपेक्षा मला बोअरची जास्त धास्ती वाटते. बोअरमधलं पाणी भूजलापेक्षा खाली गेलं, तर तळातून वाळू उकळल्यासारखी वर येते, सैल होते आणि एन खोटा कमी येतो. उलट, एखादा गोटा नळीखाली आला की एन खोटा चढतो आणि सैल थर घट्ट वाटतो. म्हणून मी दर 15 सेंटिमीटरचे ठोके वेगवेगळे मागते. 4, 5, 27 अशी उडी दिसली, तर तो आकडा वाळूचा नाही, गोट्याचा आहे. आणि पाणीपातळी धरायची ती वर्षातली सर्वांत वरची. उन्हाळ्यात कोरडा दिसलेला थर पावसाळ्यात पाण्याखाली असू शकतो.