रेल्वे स्थानक संकेत

भारतीय रेल्वेतील प्रत्येक स्थानकाला दिलेले रोमन अक्षरांचे संक्षिप्त नाव म्हणजे स्थानक संकेत; बोलीत त्याला स्टेशन कोड म्हणतात. तो तिकिटावर, आरक्षणाच्या संगणकावर आणि वेळापत्रकात एकाच रूपात वापरला जातो. संकेतांचा उगम सामान्यतः तारयंत्राच्या काळात मानला जातो. संदेशातील अक्षरे जितकी कमी, तितका तो लवकर पोहोचत असे. जालना (J), गोंदिया (G) आणि रायपूर (R) यांचे एकाक्षरी संकेत या मताला पूरक ठरतात.

संकेतात नावाचे आद्याक्षर बहुधा टिकते, पण पुढची अक्षरे कोणती घ्यायची हे मोकळ्या राहिलेल्या जागेवर ठरते, कारण एक संकेत दोन स्थानकांना देता येत नाही. J ने सुरू होणारी आणि ‘पूर’ने संपणारी नावे पाहिली की ही अडचण कळते. जयपूरला JP, जोधपूरला JU, जबलपूरला JBP आणि जौनपूरला JNU असे संकेत आहेत. यांपैकी जोधपूर व जौनपूर यांच्या संकेतांतील U ‘पूर’च्या रोमन लेखनातून आला असावा. सोलापूरच्या SUR लाही हाच न्याय लागू पडतो. याउलट दादरसारख्या एकाच ठिकाणाला मध्य रेल्वेवर DR आणि पश्चिम रेल्वेवर DDR असे दोन संकेत आहेत, कारण ही दोन स्थानके मुळात निरनिराळ्या रेल्वे कंपन्यांची होती.

नावाशी विसंगत वाटणारे संकेत पुष्कळदा जुन्या नावाचे अवशेष असतात. ठाण्याचा TNA हा इंग्रजी अमदानीतील ‘टॅना’ या लेखनाशी जुळतो. कोल्लमचा QLN ‘क्विलॉन’वरून, कोळिकोडचा CLT ‘कालिकत’वरून आणि चेन्नई सेंट्रलचा MAS ‘मद्रास’वरून आला आहे. चेन्नई सेंट्रलचे नाव 2019 मध्ये पुन्हा बदलले, तरी MAS कायम राहिला. नाव बदलले की संकेत बदलतोच असे नाही. तो बदलायचा तर आरक्षण, मालवाहतूक आणि वेळापत्रक यांच्या नोंदी एकाच वेळी बदलाव्या लागतात. तरीही अलीकडे संकेतही बदलण्याकडे कल दिसतो. छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या नावात 2017 मध्ये ‘महाराज’ आल्यावर CSTM चा CSMT झाला, मुंबई सेंट्रलचा BCT 2018 मध्ये MMCT झाला आणि अलाहाबाद स्थानक 2020 मध्ये प्रयागराज झाले तेव्हा ALD च्या जागी PRYJ आला.

मुंबईच्या लोकलच्या इंडिकेटरवरील अक्षरे मात्र निराळी आहेत. त्यांना स्थानक संकेत समजू नये. मध्य रेल्वेवर कर्जत लोकलसाठी S आणि कसारा लोकलसाठी N लिहितात, तर या स्थानकांचे संकेत अनुक्रमे KJT आणि KSRA आहेत. कल्याणपुढे फुटणाऱ्या दक्षिण व उत्तर शाखांच्या इंग्रजी नावांतून ही अक्षरे आली, हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते.