बीम डिफ्लेक्शनचा प्रयोग: न्यूट्रल ॲक्सिसचं जुनं भांडण

दोन नाइफ एजवर बीम, मधे हँगरला वजनं, खाली डायल गेज, आणि मग रीडिंग PL³/48EI शी ताडून बघायचं. प्रयोग सगळ्यांनी केलेला असतो. पण त्या सूत्रातला I आज जसा काढतात तसा ठरायला जवळपास दोनशे वर्षं गेली, आणि वेगवेगळे सेक्शन का लावायचे याचं उत्तर त्या भांडणातच आहे.

सुरुवात 1638 च्या एका इटालियन पुस्तकातून. भिंतीत रोवलेलं लाकूड मोडतं तेव्हा ते खालच्या कडेवर टेकून फिरतं असं तिथे धरलं होतं, म्हणजे सगळा सेक्शन ताणात आणि दाब फक्त कडेवर. ताकद उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे त्यातून बरोबर आलं, आकडा मात्र आजच्या हिशोबाच्या तिप्पट. वाकण्याबद्दल त्यात काही नव्हतं. वाकलेल्या बीमचा कर्व्ह 1744 पर्यंत गणितात व्यवस्थित बसला पण कडकपणा प्रयोगातून काढायचा एक आकडा म्हणून सोडून दिला, आणि आयताकृती बीमसाठी तो रुंदी गुणिले उंचीचा वर्ग असा धरला, जो खरंतर घन हवा.

हा वर्ग की घन वाद आपल्या साध्या पट्टीनेच मिटतो. 25 × 6 मिमीची माइल्ड स्टीलची पट्टी घ्या, स्पॅन 600 मिमी, मधे 2 किलो, E 200 GPa. आडवी ठेवली तर I येतो 450 मिमी⁴ आणि डिफ्लेक्शन 0.98 मिमी. तीच पट्टी उभी केली की I 7812 च्या आसपास, डिफ्लेक्शन 0.057 मिमी, म्हणजे सतरा पटीहून जास्त फरक. वर्गाच्या हिशोबाने हाच फरक जेमतेम चौपट यायला हवा होता, डोळे झाकूनही कळेल.

पण 0.057 म्हणजे 0.01 मिमीच्या गेजवर साडेपाच घरं, आणि सगळे इथेच फसतात. सपोर्ट आणि फ्रेम वजनाने 0.02 मिमी बसली तरी उभ्या पट्टीचं रीडिंग 0.077 होतं, आडवीचं 1.00, आणि गुणोत्तर सतरावरून तेरावर घसरतं. जर्नलमध्ये मग "प्रायोगिक त्रुटी" लिहून मोकळे. खरं तर गेज सपोर्टवर टेकवून एकदा बघितलं की बसणं किती ते लगेच दिसतं, तेवढं वजा करायचं. जाडीही मापून घ्या, 6 ची पट्टी 5.8 भरली तर आडव्या डिफ्लेक्शनमध्ये अकरा टक्के वाढ होते, कारण जाडीचा घन.

आता खरं भांडण, न्यूट्रल ॲक्सिस कुठे? सेंट्रॉइडमधून हे बरोबर उत्तर 1713 मध्ये छापून आलं आणि कुणी लक्षच दिलं नाही, 1770 च्या दशकात पुन्हा आलं, तरी ते रुळलं 1826 च्या एका फ्रेंच पुस्तकामुळे. आणि गंमत म्हणजे त्या पुस्तकाच्या लेखकानेही आधीच्या मांडणीत ॲक्सिस चुकवला होता, मग दुरुस्त केला! माझ्या मते इतकी वर्षं लागली कारण आयताकृती बीम ही चूक लपवतो. ॲक्सिस दाबाकडच्या कडेवर धरा, I चौपट होतो, पण आडवी-उभीचं गुणोत्तर तेच सतरा राहतं. E वेगळ्या प्रयोगातून माहीत नसेल तर चौपटीची चूक E मध्ये जिरून जाते, आणि आपल्याकडे बरेच जण E याच प्रयोगातून काढतात, मग थिअरी जुळली म्हणून खूश.

म्हणून टी-सेक्शन लावा. फ्लँज वर ठेवून एकदा आणि खाली ठेवून एकदा, वजन तेच. ॲक्सिस सेंट्रॉइडमधून जात असेल तर दोन्ही वेळा डिफ्लेक्शन सारखं. कडेवर असेल तर फ्लँज वर असताना बीम खूप मऊ वाटायला हवा, कारण मधल्या वजनाखाली दाब वरच्या बाजूला असतो. स्टीलमध्ये रीडिंग सारखी येतात. 1830 च्या आसपास ओतीव लोखंडाच्या बीमवर झालेल्या इंग्लंडमधल्या चाचण्यांनी मात्र लोकांना गोंधळात टाकलं, कारण तिथे उलटसुलट करण्याने ताकद प्रचंड बदलते. ओतीव लोखंड दाबात ताणापेक्षा कितीतरी मजबूत, म्हणून त्यांनी ताणाकडचा फ्लँज वरच्यापेक्षा सहापट ठेवला. पण ते मोडण्याचं गणित. वाकणं आणि मोडणं एकाच तक्त्यात भरलं की सेंट्रॉइडवर शंका येते, ती गैरलागू आहे.

टी-सेक्शन अनेक लॅबमधून गायब असतो कारण वेब खाली ठेवला की तो डुगडुगतो आणि गेजचं टोक बाजूला सरकतं. सपोर्टपाशी दोन्ही बाजूंनी सैल गाइड लावले की तो उभा राहतो, फक्त गाइड घट्ट नकोत, नाहीतर घर्षणामुळे वजन काढल्यावर गेज शून्यावर परत येत नाही.