लिफ्ट वर जाताना काटा खाली का येतो?

लातूरच्या ट्यूशन एरियात नीटची तयारी करणाऱ्या पोरांना विचारा, "लिफ्ट एकाच वेगाने वर चालली असेल, तर आतल्या माणसाचं वजन वाढेल की घटेल?" 'वाढेल' म्हणून बरेच जण मोकळे होतात. वर म्हणजे जड, खाली म्हणजे हलकं, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. काट्याला मात्र लिफ्टची दिशा कळत नाही. त्याला कळतो तो फक्त पायांचा दाब.

वाटल्यास करून बघा. घरातला वजनकाटा लिफ्टमध्ये न्या, पण जुना, सुईचाच न्या. डिजिटल काटा आकडा स्थिर होईपर्यंत थांबतो, तोवर गंमत संपलेली असते.

समजा उभा माणूस 60 किलोचा आहे. लिफ्ट थांबलेली असताना काटा त्याला 588 न्यूटन बलाने वर रेटतो आणि 60 दाखवतो. लिफ्ट वर निघाली, तिचा वेग दर सेकंदाला 1 मीटर प्रति सेकंदाने वाढू लागला. आता माणसालाही तेवढाच वेग द्यायचा, म्हणजे काट्याला 60 न्यूटन जास्तीचा रेटा द्यावा लागतो. बल झालं 648 न्यूटन, सुई 66 च्या आसपास. हे जेमतेम सेकंदभर टिकतं. वेग स्थिर झाला की सुई पुन्हा 60 वर, मग मजले कितीही जावोत.

सातवा मजला जवळ आला, लिफ्ट मंदावू लागली. माणूस अजून वरच चाललाय, पण त्याचा वेग कमी करायचा तर काट्याने कमी रेटायला हवं. 528 न्यूटन, म्हणजे सुई 54 च्या जवळ. पोटात गोळा येतो तो इथे. उतरताना सगळं उलट होतं: निघताना 54, थांबताना 66.

मोंढ्यातला दोन पारड्यांचा तराजू नेला असता तर यातलं काहीच दिसलं नसतं. धान्य आणि वजनं, दोन्ही सारखीच जड-हलकी होतात.

आता दोर तुटला असं धरा. माणूस आणि काटा दोघंही एकाच 9.8 च्या त्वरणाने पडतात, पाय काट्यावर टेकतच नाहीत. सुई शून्यावर. लिफ्ट वर जात असताना दोर तुटला तरी त्या क्षणापासून शून्यच. पृथ्वीची ओढ मात्र तसूभरही घटलेली नसते.

खऱ्या लिफ्टला सहसा एकापेक्षा जास्त दोर असतात, त्यामुळे एक तुटला तरी ती पडत नाही. वेग मर्यादेबाहेर गेलाच, तर गव्हर्नर नावाचं यंत्र ते ओळखतं आणि लिफ्टखालचे जबडे रुळांना करकचून धरतात. हा झटका फार मोठा बसू नये म्हणून जबडे थोडे घसरत धरतील अशी रचना केलेली असते. लिफ्ट थांबतानाचं सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाइतकं झालं, तर 60 किलोच्या माणसाला काटा 120 दाखवेल.